साडेतेरा किलो सुरमई

"मामांना महिनाअखेर सांगून टाकतो, की आता पुरे," मालक म्हणाले. पुण्यातलं साठ खुर्च्यांचं मालवणी हॉटेल. दुपारची गर्दी ओसरली होती, गल्ल्याशेजारच्या टेबलावर मासळीची बिलं पसरली होती आणि मालकांचा चेहरा उतरला होता. मामा म्हणजे त्यांच्याकडे बारा वर्षं मासळी साफ करणारा, तुकड्या पाडणारा माणूस. महिन्याच्या हिशेबात मासळीचा खर्च विक्रीच्या मानाने फार वाढलेला दिसला आणि मासळीला सर्वांत आधी हात लागतो तो मामांचा. एवढ्यावरून मालकांनी मनात निकाल देऊन टाकला होता.

हॉटेलांच्या भटारखान्याचे हिशेब बघणं हे माझं काम. मी त्यांना एवढंच म्हणालो, "आठ दिवस द्या. एकच जिन्नस घेऊ. किती सुरमई लागायला हवी होती आणि किती लागली, हे आधी किलोत काढू. मग माणसाचं बघू."

पैशात नव्हे, किलोत. हा आग्रह मी सगळीकडे धरतो आणि त्याला कारण आहे. बहुतेक हॉटेलवाले महिन्याला एक आकडा पाहतात: शंभर रुपयांच्या विक्रीमागे मालाला किती रुपये गेले. आकडा उपयोगी आहे, पण त्यात सगळंच कालवलेलं असतं. सुरमईचा भाव किलोमागे शंभराने चढला तरी तो वाढतो आणि तुकडी वाया गेली तरी वाढतो. स्वस्त थाळ्या जास्त खपल्या आणि महाग मासे कमी खपले, तरीही तो वाढतो. आकडा वाढलेला पाहून भटारखान्यात चोर शोधायला निघालेला मालक बऱ्याचदा बाजारभावाशी भांडत असतो. किलोला मात्र भाव चिकटलेला नसतो. दहा किलो ते दहाच किलो.

किलोचा हिशेब दोन बाजूंनी मांडायचा. एका बाजूला प्रत्यक्ष वापर. आठवड्याच्या सुरुवातीला फ्रीजमध्ये किती माल होता, आठवडाभरात किती आला आणि शेवटी किती उरला. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की जे निघतं, ते खरोखर संपलेलं. दुसऱ्या बाजूला हिशेबी वापर. बिलाच्या मशीनमधून पदार्थवार विक्री काढायची, प्रत्येक पदार्थात तो जिन्नस किती ग्रॅम पडतो ते रेसिपी कार्डावरून घ्यायचं आणि गुणाकार करून बेरीज मारायची. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर एवढाच माल लागला असता, असा हा आकडा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तफावत. शेतकरी पेरणीचं बी आणि खळ्यावरची रास मनाशी ताडून बघतो, तसंच हे, फक्त दर आठवड्याला आणि कागदावर.

या हॉटेलात रेसिपी कार्ड होतं, हे आमचं नशीब. सुरमई तीन पदार्थांत जायची. थाळीत तळलेली एक तुकडी १२० ग्रॅमची आणि कालवणातली एक लहान तुकडी ६० ग्रॅमची, म्हणजे थाळीमागे १८० ग्रॅम. नुसत्या फ्रायला १५० ग्रॅमची मोठी तुकडी. सुरमई करीच्या प्लेटला ८० ग्रॅमच्या दोन, म्हणजे १६० ग्रॅम. ही सगळी वजनं साफ केलेल्या, पण मसाला न लावलेल्या तुकडीची. हे कार्डावर स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. मीठ, हळद आणि आगळ लावून ठेवलेली तुकडी पाणी सोडते, वर तिखटाचा आणि आलं-लसणाचा लेप चढतो, पुढे रवा लागतो. मसाल्यानंतर काट्यावर टाकली तर आपण मासा मोजतोय की मसाला, ते कळत नाही.

सोमवारी सकाळी मासळीवाला यायच्या आधी आम्ही फ्रीज मोजला. पुढच्या सोमवारी त्याच वेळी, पुन्हा माल यायच्या आधी. वेळ पाळणं फार गरजेचं. एकदा रात्री मोजलं आणि दुसऱ्यांदा सकाळचा माल आत गेल्यावर मोजलं, तर चौदा किलोंचा घोळ आपणच घालून ठेवतो. दुसरी काळजी म्हणजे कापलेला आणि अख्खा माल एकत्र मोजायचा नाही. बिलं अख्ख्या माशाची येतात, म्हणून फ्रीजमधल्या तुकड्याही अख्ख्या माशाच्या वजनात फिरवून घ्याव्या लागतात. अख्ख्या माशातून साफ तुकड्या किती उतरतात, त्याला ऊसवाल्यांच्या भाषेत उतारा म्हणू. मालकांच्या मते सुरमईचा उतारा ७५ टक्के. कधीतरी काही वर्षांपूर्वी कोणी मोजला होता आणि तेव्हापासून तोच धरला जात होता. त्या हिशेबाने पहिल्या सोमवारच्या पावणेसात किलो तुकड्या म्हणजे ९ किलो अख्खा मासा.

आठवड्यात रोज १४ किलो सुरमई आली, एकूण ९८. पुढच्या सोमवारी ५ किलो अख्खी आणि साडेचार किलो तुकड्या, म्हणजे ६ किलो अख्ख्याच्या बरोबरीच्या, असे ११ किलो उरले. नऊ अधिक अठ्ठ्याण्णव, वजा अकरा. प्रत्यक्ष वापर ९६ किलो.

विक्री होती २१० थाळ्या, ९६ फ्राय आणि ६० करी. थाळ्यांना ३७.८ किलो, फ्रायला १४.४ आणि करीला ९.६. तुकड्यांची बेरीज ६१.८ किलो. ७५ टक्के उताऱ्याने अख्खा मासा ८२.४ किलो. एवढ्यात भागायला हवं होतं.

९६ मधून ८२.४ गेले, उरले १३.६. त्या आठवड्यातला भाव किलोला ७०० रुपये. म्हणजे एका आठवड्यात, एका जिन्नसात, साडेनऊ हजार रुपये कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मालकांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "बघितलंत? रोज दोन किलो. पिशवीतून आरामात जातात."

हिशेबाची खरी परीक्षा इथून सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ती इथेच संपवली जाते. तफावत ही काहीतरी जुळत नाही, एवढंच सांगते. ती हिशेबी बाजूच्या चुकीने येते, तशीच प्रत्यक्ष बाजूच्याही. उतारा चुकीचा धरला असेल, तुकडी जाड पडत असेल, शिजलेला पदार्थ बिलातच चढला नसेल, माल नासला असेल, येतानाच कमी आला असेल किंवा कोणी उचलून नेला असेल. सगळ्यांचा शेवटी एकच आकडा होतो. म्हणून शोध क्रमाने घ्यावा लागतो. जे काट्यावर मोजता येतं ते आधी, जे कागदावर ताडता येतं ते मग आणि माणसावरचा संशय सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला की निर्दोष माणूस जातो आणि गळती तशीच राहते.

काट्यापासून सुरुवात केली. आधी काटाच खरा बोलतो का ते पाहिलं. वैधमापन खात्याच्या शिक्क्याची तारीख बघितली, मग सीलबंद एक किलो मिठाचा पुडा ठेवून पाहिला. काटा ठीक होता.

मंगळवारी सकाळी मासळी आली तेव्हा आम्ही तीन मासे बाजूला काढले. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फासकट उचलून, नेहमीसारखे घाईघाईने काट्यावर टाकले: बिलात लागलं त्याप्रमाणे बरोबर १० किलो. मग मामांनी ते जाळीच्या क्रेटमध्ये उभे केले, पोटात आणि कल्ल्यांत अडकलेला बर्फाचा चुरा झटकला आणि पाणी निथळू दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा काट्यावर: ९.६ किलो. चारशे ग्रॅम पाणी.

पुढचं काम मामांचं. मी नुसता त्यांच्याजवळ उभा राहून वजनं लिहीत होतो. डोकी १.३ किलो. पोटातली घाण आणि कल्ले ८०० ग्रॅम. पर, शेपटी आणि धुताना गेलेलं रक्त-पाणी मिळून ४००. हाती आलेल्या तुकड्या ७.१ किलो. निथळलेल्या वजनावर काढला तर उतारा ७४ टक्के, म्हणजे मालकांचा ७५ अगदीच हवेतला नव्हता. पण पैसे आपण निथळलेल्या वजनाचे देत नव्हतो. बिलाच्या वजनावर उतारा होता ७१.

डोक्यांचं एक सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती वाया गेली असं वाटेल. मालवणी घरात सुरमईच्या डोक्याचं कालवण ही पहिल्या पानाची गोष्ट. इथे ते दुपारी तीननंतर नोकरांच्या जेवणात असायचं. ती नासाडी नव्हे. पण उद्या तेच कालवण पाटीवर लावून विकायला लागलात, तर त्याचंही कार्ड करावं लागेल आणि उताऱ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

७१ टक्क्यांनी गणित पुन्हा केलं. ६१.८ किलो तुकड्यांसाठी ८७ किलो अख्खा मासा लागणारच होता, ८२.४ नाही. (नव्या उताऱ्याने शिलकीचे आकडेही हलतात, पण त्याने वापरात दोनशे ग्रॅमचाही फरक पडत नाही. त्यांच्या मागे लागलो नाही.) १३.६ मधले ४.६ किलो असे सापडले. त्यातला किलोभर जुन्या उताऱ्याची चूक आणि उरलेले साडेतीन किलो म्हणजे बर्फाचं पाणी, सातशे रुपये किलोने विकत घेतलेलं. आठवड्याला जवळजवळ अडीच हजार रुपये भटारखान्यात पोचायच्या आधीच गेले होते आणि त्यांचा मामांशी काहीएक संबंध नव्हता.

उरले ९ किलो अख्खे, म्हणजे साधारण ६.४ किलो तुकड्या. आता सुरीकडे यावं लागलं.

मामांना मी सांगितलं, रोजच्यासारखंच कापा, काट्याकडे बघू नका. फ्रायच्या वीस आणि थाळीच्या वीस तुकड्या बाजूला ठेवल्या आणि एकेक मोजली. फ्रायची तुकडी सरासरी १६२ ग्रॅम, थाळीची १३२. दोन्हीत बारा-बारा ग्रॅम जास्त. पण सरासरीपेक्षा मला एकेक आकडे बोलके वाटले. थाळीची एक तुकडी ९८ ग्रॅमची होती आणि दुसरी १६० ची. दोन्ही हातात घेऊन बघितल्या तर जाडी सारखीच, करंगळीएवढी.

सुरमईची ठेवण बघितली की कारण दिसतं. मासा डोक्याकडे भरदार आणि शेपटीकडे निमुळता. मामांचं माप जाडीचं होतं. बारा वर्षांत बोटात बसलेलं आणि जाडीपुरतं अगदी अचूक. पण एकाच जाडीची तुकडी पोटाजवळ दीडशेच्या वर जाते आणि शेपटीजवळ शंभराच्या आत येते. आता शेपटीची लहान तुकडी थाळीत गेली की गिऱ्हाईक वेटरला बोलावतं, वेटर आत येऊन आचाऱ्यावर चिडतो, आचारी मामांना बोलतो. मोठी तुकडी गेली तर कोणीच काही बोलत नाही. या बोलण्यांपासून सुटायला हात हळूहळू जाड कापायला शिकतो. यात लबाडी कुठेच नाही. ज्या चुकीवर ओरडा बसतो ती टाळली जाते आणि जिच्यावर बसत नाही ती वाढत जाते. मी पाहिलेल्या बहुतेक भटारखान्यांत हेच घडतं. पनीरच्या तुकड्यांत आणि बिर्याणीच्या डावातही.

बारा ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर. पण २१० थाळ्यांचे अडीच किलो होतात आणि ९६ फ्रायचे सव्वा किलोला थोडे कमी. मिळून ३.७ किलो तुकड्या, म्हणजे अख्खा मासा ५.२ किलो. सगळ्या तफावतीतला सर्वांत मोठा वाटा हाच निघाला.

आता कागद. आत शिजायला जाणारी प्रत्येक ऑर्डर केओटीवर जाते. गिऱ्हाईक पैसे देतं ते बिलावर. दोन्हींची संख्या जुळायला हवी. विक्रीचा आकडा आम्ही बिलांवरून घेतला होता, म्हणून आठवड्याच्या केओट्या काढून मोजायला बसलो. कॅप्टनला हे काम अजिबात आवडलं नाही, पण त्याने ते नेटाने केलं. फ्रायच्या केओट्या १०३, बिलं ९६ ची. थाळीच्या केओट्या २१४, बिलं २१० ची.

सात फ्राय आणि चार थाळ्या आत तयार झाल्या, बाहेर गेल्या किंवा जायच्या बेतात होत्या आणि बिलातून रद्द झाल्या. कॅप्टनने आठवेल तसं सांगितलं. गिऱ्हाइकाने पापलेट सांगितलं आणि नव्या वेटरने सुरमई लिहिली. पार्सलवाला वाट बघून निघून गेला. रविवारी एका टेबलाची ऑर्डर दोनदा आत गेली. रद्द करणं मशीनवर एका बोटाचं काम होतं, कारण लिहायची सक्ती नव्हती. तव्यावर गेलेली तुकडी मात्र रद्द होत नाही. ती शेवटी कोणाच्या तरी पोटात किंवा बादलीत जाते. याचे तुकड्यांत १.९ किलो, अख्ख्या माशात २.७.

आणि एक गोष्ट आचाऱ्याने फार आढेवेढे घेत सांगितली. रविवारी दुपारी मालकांचे पाहुणे आले होते. तीन प्लेट फ्राय गेल्या. केओटी नाही, बिल नाही. "मालकांकडे केओटी कशी मागायची?" त्याचा प्रश्न रास्त होता. अर्धा किलो तुकड्या, ७०० ग्रॅम अख्खा मासा.

बेरीज मालकांसमोरच केली. उतारा आणि बर्फ ४.६, जाड सुरी ५.२, रद्द ऑर्डरी २.७, पाहुणे ०.७. एकूण १३.२. राहिले चारशे ग्रॅम. ९६ किलोंच्या उलाढालीत चारशे ग्रॅम म्हणजे काट्याचा आणि आपल्या मोजणीचा चुकारपणा. पिशवीतून रोज दोन किलो जात नव्हते. कधीच गेले नव्हते.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मामांना हे कळलंय का, की मी..." मी सांगितलं की माझ्याकडून नाही. पण भटारखान्यात अशा गोष्टी भिंतींना कळतात. वजनं लिहिताना मामांचे हात पहिले दोन दिवस कापत होते, ते मी बघितलं होतं.

दुरुस्त्या अगदी साध्या होत्या. मासळी उतरवून घेताना ती जाळीत दहा मिनिटं निथळायची आणि मगच काट्यावर चढवायची, हे मासळीवाल्याशी बोलून ठरलं. तो आधी कुरकुरला, मग किलोमागे दहा रुपये वाढवून मागितले. दिले तरी आपला फायदाच होता आणि मुख्य म्हणजे भाव उघड झाला. पाण्याच्या आड लपलेला भाव कोणालाच ताडता येत नाही. मामांच्या पाटाशेजारी एक लहान काटा आला. प्रत्येक तुकडी मोजायची नाही, तेवढा वेळ गर्दीत कोणाला असतो. कापताना पहिल्या चार-पाच मोजायच्या, हात जुळवून घ्यायचा. पोटाकडच्या भरदार तुकड्या थोड्या पातळ करून फ्रायला, मधल्या थाळीला आणि शेपटीकडच्या करीला, जिथे दोन तुकड्यांचं वजन एकत्र भरायचं असतं. ही वाटणी मामांनीच सुचवली. माझ्या डोक्यात नव्हती. मशीनवर ऑर्डर रद्द करताना कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं करून घेतलं. भिंतीवर एक वही टांगली: नासलं, सांडलं, परत आलं, नोकरांना दिलं. जे लिहिलं गेलं ते हिशेबी वापरात मिळवायचं. वहीत लिहिल्याबद्दल कोणालाही बोलायचं नाही, ही अट मी मालकांकडून कबूल करून घेतली. ओरडा बसला की वही कोरी राहते आणि तफावत पुन्हा मुकी होते.

महिन्याभराने आठवड्याची तफावत तीन किलोच्या आत आली होती. शून्यावर ती येत नाही आणि येऊही नये. कोणी मला शून्य तफावत दाखवली तर मी ती आधी तपासतो. बहुतेक वेळा शिल्लक मोजलेलीच नसते, हिशेब जुळेल असा आकडा भरलेला असतो.

तफावत उलटीही येते, हिशेबापेक्षा माल कमी लागलेला दिसतो. पुष्कळ मालकांना त्याचा आनंद होतो. होऊ नये. एक तर एखादं खरेदीचं बिल नोंदवायचं राहिलेलं असतं किंवा शेवटची शिल्लक जास्त मोजलेली असते. नाहीतर १२० ग्रॅमच्या पैशात गिऱ्हाइकाला १०० ग्रॅम मिळत असतात. गिऱ्हाईक त्यावर भांडत नाही. ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

सगळ्याच जिन्नसांना हा काटा लावता येत नाही, तेही सांगायला हवं. मीठ, हळद, कढीपत्ता ग्रॅमात ताडत बसलात तर मोजणाऱ्याचा पगार तफावतीपेक्षा जास्त होईल. सुरमई, पापलेट, कोळंबी, मटण, काजू, तूप अशा आठ-दहा महाग जिन्नसांवर दर आठवड्याला नजर ठेवली की खर्चाचा मोठा भाग नजरेखाली येतो. आणि तळणीच्या तेलाबाबत तर मी मालकांना बजावून सांगतो की तिथे तफावत दाबू नका. तापून तापून तेलात जी घातक संयुगं तयार होतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ते तेल वापरायला बंदी आहे. १ जुलै २०१८ पासून देशभर हा नियम लागू आहे. तेल ओतून द्यावंच लागतं. ते नासाडीत धरून आचाऱ्याला जाब विचारलात, तर तो तेच तेल आणखी दोन दिवस चालवेल आणि ते गिऱ्हाइकाच्या पोटात जाईल.

उतारा एकदा मोजून कायमचा धरता येत नाही, हे जूनमध्ये पुन्हा दिसलं. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत हॉटेलांत शीतगृहातला गोठवलेला मासा येतो. तो सुटताना पाणी सोडतो, पोटाकडचं मांस विसविशीत होतं आणि तुकडी पाडताना कडा तुटतात. पहिल्याच आठवड्यात तफावत आठ किलोंवर गेली. या वेळी मालकांनी मला फोन करण्याआधी मामांना हाक मारली. दोघांनी मिळून तीन मासे मोजले: उतारा ६७. कार्डावर नवा आकडा लिहिला, तारीख घातली आणि बंदी उठेपर्यंत थाळीत सुरमईऐवजी बांगडा द्यायचं ठरवलं.

हॉटेल चालवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे: या सोमवारी सकाळी माल यायच्या आधी तुमचा सर्वांत महाग एकच जिन्नस मोजा आणि पुढच्या सोमवारी त्याच वेळी पुन्हा मोजा. मधल्या आठवड्यात कोणावरही संशय घेऊ नका. मामा अजून त्याच पाटावर बसतात आणि मालकांचे पाहुणे आले की केओटी मालक स्वतः लिहितात.